जर्मनीत जन्मलेलं मूल जर्मन का नव्हतं?

देशाचा सदस्य कोण? नागरी राष्ट्रवादाच्या मते, जो इथे राहतो आणि इथला कायदा मानतो तो. वांशिक राष्ट्रवादाच्या मते, ज्याचे पूर्वज इथले तो.

जर्मनीच्या १९१३च्या कायद्यात नागरिकत्व रक्ताच्या नात्याने मिळे, जन्मस्थळावरून नाही. त्यामुळे १९६१च्या करारानंतर आलेल्या तुर्की कामगारांची जर्मनीतच जन्मलेली मुलं परदेशी ठरली. उलट, कझाकस्तानातून आलेल्या जर्मन वंशाच्या कुटुंबांना नागरिकत्व मिळालं, अनेकांना जर्मन धड येत नसतानाही.

२००० पासून नियम बदलला. आई किंवा वडील आठ वर्षं कायदेशीरपणे राहत असतील आणि त्यांच्याकडे कायम वास्तव्याचा हक्क असेल, तर तिथे जन्मलेलं मूल जर्मन ठरू लागलं. २०२४ मध्ये ही मुदत पाच वर्षांवर आली. वंशाने मिळणारं नागरिकत्व मात्र कायम आहे. म्हणजे आज एकाच कायद्यात दोन्ही विचार नांदतात.