फसवे मित्रशब्द (फ्रेंच–इंग्रजी)

दोन भाषांत सारखे दिसणारे, पण वेगळ्या अर्थाचे शब्द. ‘फोझामी’ ही फ्रेंच संज्ञा केसलेर व देरोकिन्यी यांच्या 1928 च्या ग्रंथामुळे रूढ झाली.

1066 च्या नॉर्मन विजयानंतर असंख्य फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले आणि पुढे दोन्हीकडे अर्थ वेगळे होत गेले. इंग्रजी ‘लायब्ररी’चे मूळ फ्रेंच, पण आज फ्रेंच ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचे दुकान, ग्रंथालय म्हणजे ‘बिब्लिओतेक’. मुरंब्यात ‘प्रेझेर्वातिफ’ आहे का, असे विचारल्यास दुकानदार हसतो, कारण तो निरोधाचा शब्द आहे. ही चूक निदान लगेच कळते.

खरा घात ‘एव्हाँत्युएलमाँ’ करतो. घरमालक दुरुस्तीबद्दल तो शब्द वापरतो तेव्हा इंग्रजीच्या सवयीने ‘शेवटी होईलच’ असे वाटते. त्याचा अर्थ मात्र ‘जमलेच तर’ एवढाच असतो. वाक्य दोन्ही अर्थांनी जुळत असल्याने गैरसमज उघडा पडत नाही. अशा वेळी ‘केव्हा?’ असे विचारावे.

मराठी–हिंदीतही हे घडते. हिंदी ‘शिक्षा’ शिक्षण ठरते, मराठी ‘शिक्षा’ दंड.