इन्सुलेशन रोध व ध्रुवण निर्देशांक चाचणी

विद्युत यंत्रणा प्रथम चालू करण्यापूर्वी मोटर व केबल यांच्या इन्सुलेशनची मेगरने घेतली जाणारी चाचणी. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीचे पाणी पंपांनी चढवून आणावे लागते. अशा उपसा केंद्रांवरील उच्चदाब मोटरींसाठी ही चाचणी टाळता येत नाही.

३.३ केव्ही मोटरीच्या गुंडाळीला, बॉडी अर्थ करून, साधारण २५०० व्होल्ट डीसी देतात आणि पहिल्या व दहाव्या मिनिटाचे वाचन नोंदवतात. दुसऱ्याला पहिल्याने भागले की ध्रुवण निर्देशांक मिळतो. आयईईई ४३ नुसार आधुनिक उच्चदाब मोटरीचा रोध ४०° से.ला किमान १०० मेगओहम व एफ वर्गाच्या इन्सुलेशनचा निर्देशांक किमान २ हवा.

समजा, पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या मोटरीचे वाचन ३०० व ३९० मेगओहम आले. रोध पुरेसा दिसतो, पण निर्देशांक १.३ आहे: गुंडाळीत ओल वा पृष्ठभागावर घाण असून गळती प्रवाहामुळे एकूण प्रवाह फारसा कमी होत नाही. स्वच्छ करून हीटरने वाळवल्यावर ९०० व २७०० आले, तर निर्देशांक ३, मोटर स्वीकारार्ह. पहिलेच वाचन ५००० मेगओहमवर असेल तर मात्र निर्देशांकावरून निष्कर्ष काढू नये.

एक्सएलपीई केबलला हा निर्देशांक फारसा लागू पडत नाही. तिचा रोध लांबीच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणून तो प्रति किलोमीटर काढून उत्पादकाच्या आकड्याशी ताडतात.

चाचणीनंतर गुंडाळी किमान ४० मिनिटे अर्थ करून ठेवावी. साठलेला विद्युत प्रभार जीवघेणा ठरू शकतो.