वेणीचा स्वेटर आखडतो का? आणि पीळ उलटा पडला तर काय करायचे?

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या थंडीत वेणीचे, म्हणजे केबलचे स्वेटर आवडीने विणले जातात. मात्र साध्या विणीच्या मापाने टाके घातले की स्वेटर अंगाला तंग होतो. पिळात तीन टाके दुसऱ्या तिघांवर चढतात, त्यामुळे सहा टाक्यांची रुंदी कमी भरते.

म्हणून आधी वेणीचाच नमुना विणावा. त्यात निदान दोन पीळ यावेत. नमुना धुऊन, वाळवून मग मोजावा. समजा साध्या विणीत २० टाक्यांचे १० सेंटीमीटर होतात. म्हणजे सहा टाक्यांचे ३ सेंटीमीटर व्हायला हवेत, पण वेणीत ते २ भरले. पुढच्या भागात चार वेण्या असतील, तर ४ सेंटीमीटर, म्हणजेच आठ टाके कमी पडले. हिशेब सरळ आहे: प्रत्येक वेणीमागे दोन टाके जास्त.

हे टाके सुरुवातीलाच घातले तर खालची कड झालरीसारखी पसरते. त्यामुळे काठ विणताना वेणीच्या जागी चारच टाके ठेवावेत आणि पहिल्या पिळाच्या आधीच्या ओळीत त्यांचे सहा करावेत. वर टाके बंद करताना प्रत्येक वेणीतले दोन टाके जोडून कमी करावेत. एवढे करूनही वीण आखडत असेल, तर सहाऐवजी आठ ओळींनी पीळ घालावा.

आता उलट्या पिळाचे. तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे धरले, तर पीळ डावीकडे झुकतो. मागे धरले, तर उजवीकडे. चूक त्याच ओळीत सहसा दिसत नाही, चार-पाच ओळी वर गेल्यावर डोळ्यांत भरते. तरी सगळे उसवायची गरज नसते.

समजा चूक पाच ओळी खाली आहे. त्या वेणीच्या दोन्ही बाजूंचे टाके सुयांवरच राहू द्यावेत. फक्त वेणीचे सहा टाके सोडून चुकलेल्या पिळाच्या ओळीसकट उसवावेत. मध्ये शिडीसारखे सहा आडवे धागे दिसतील. मोकळे सहा टाके दोन्ही टोके असलेल्या आखूड सुईवर घ्यावेत, पीळ योग्य बाजूला घालावा आणि सर्वांत खालच्या धाग्याने सहाही टाके सुलट विणावेत. मग टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवून पुढचा धागा घ्यावा. काम कायम सुलट बाजूनेच करायचे, उलट टाका एकही नाही. धाग्यांचा क्रम चुकला की मध्ये एक धागा लोंबत राहतो. तेवढ्यावरून चूक ओळखता येते.

शेवटचे टाके घट्ट होतात. सुईच्या टोकाने शेजारच्या टाक्यांतली ढील इकडे ओढून घ्यावी. उरलेली असमानता बहुतेक वेळा धुतल्यावर बसते.

स्वेटर शिवून झाल्यावर चूक दिसली, तर त्याच लोकरीने, जाड सुईने, योग्य दिशेचे तीन टाके पिळावर भरून घेता येतात. तिथे वीण थोडी जाड होते, पण लांबून कळत नाही.