१०० ज्यूल गेले कुठे? थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम आणि वायूच्या चार प्रक्रिया

आयसोथर्मल, अ‍ॅडियाबॅटिक, आयसोबारिक, आयसोकोरिक. बारावीत ही चार नावं आणि त्यांची चार सूत्रं आपण पाठ करतो, आणि परीक्षेत नेमकं चुकीच्या ठिकाणी चुकीचं सूत्र लावून येतो. खरं तर इथे चार वेगळे नियम नाहीतच. नियम एकच आहे, फक्त वायूवर घातलेली अट दरवेळी बदलते. म्हणून या लेखात आपण एकच वायू घेऊ, त्याला दरवेळी १०० ज्यूल ऊर्जा देऊ आणि ती कुठे जाते याचा हिशोब ठेवू.

आधी हिशोबाची वही

पहिला नियम असा:

```
ΔU = Q − W
```

`Q` म्हणजे वायूला दिलेली उष्णता, `W` म्हणजे वायूने बाहेर केलेलं कार्य आणि `ΔU` म्हणजे वायूच्या अंतर्गत ऊर्जेत पडलेला फरक. घरखर्चासारखं बघा: आत आलेले पैसे वजा बाहेर गेलेले पैसे, म्हणजे शिल्लक.

इथे एक खड्डा आहे, तो आत्ताच दाखवून ठेवतो. फिजिक्सच्या पुस्तकात `ΔU = Q − W` असतं आणि केमिस्ट्रीच्या पुस्तकात `ΔU = q + W`. दोन्ही बरोबर आहेत. केमिस्ट्रीत `W` म्हणजे वायू*वर* केलेलं कार्य, फिजिक्समध्ये वायू*ने* केलेलं. एका विषयाचं सूत्र आणि दुसऱ्या विषयाचं चिन्ह अशी भेळ झाली की उत्तर गेलंच. आपण इथे फिजिक्सवालं धरू.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा फक्त तापमानावर अवलंबून असते. दाब किती, आकारमान किती, याच्याशी तिला देणंघेणं नाही. तापमान वाढलं तर ऊर्जा वाढली, तापमान तेवढंच राहिलं तर ऊर्जाही तेवढीच.

आता आपला वायू. दट्ट्या बसवलेलं एक नळकांडं आहे, त्यात १ लिटर कोरडी हवा आहे, तापमान ३०० केल्व्हिन (म्हणजे साधारण २७ अंश सेल्सिअस) आणि दाब १०० किलोपास्कल, म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेएवढाच. एवढ्या हवेचं वजन सव्वा ग्रॅमसुद्धा भरत नाही. हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन-दोन अणूंचे, म्हणून `Cv = 5R/2` आणि `Cp = 7R/2`. आकडेमोड केली की कळतं, या हवेचं तापमान १ केल्व्हिनने वाढवायला अंतर्गत ऊर्जेत ०.८३३ ज्यूल भर पडावी लागते. हा एक आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तोच लागणार आहे.

दट्ट्या जाम: आयसोकोरिक

दट्ट्याला खीळ घालून टाका आणि १०० ज्यूल उष्णता द्या. दट्ट्या हललाच नाही, तर कार्य कसलं? `W = 0`. सगळेच्या सगळे १०० ज्यूल अंतर्गत ऊर्जेत जमा झाले. तापमान १०० भागिले ०.८३३, म्हणजे १२० केल्व्हिनने वाढून ४२० केल्व्हिन झालं, आणि दाब त्याच प्रमाणात वाढून १४० किलोपास्कल.

दट्ट्या मोकळा: आयसोबारिक

आता खीळ काढा. दट्ट्या वर-खाली सरकायला मोकळा आहे, त्यामुळे आतला दाब बाहेरच्या दाबाएवढाच, १०० किलोपास्कल राहतो. पुन्हा तेच १०० ज्यूल हळूहळू द्या. हवा तापते, फुगते आणि फुगताना बाहेरच्या वातावरणाला ढकलून मागे सारते. या ढकलण्यात ऊर्जा खर्च होते.

किती? तापमान या वेळी ८५.७ केल्व्हिननेच वाढतं. आकारमान १.२८६ लिटर होतं. केलेलं कार्य `PΔV`, म्हणजे २८.६ ज्यूल. उरलेले ७१.४ ज्यूल अंतर्गत ऊर्जेत. बेरीज करून बघा, बरोबर १००.

`Cp` हा `Cv` पेक्षा मोठा का, याचं उत्तर हेच आहे. फुगायची मोकळीक दिली की दिलेल्या उष्णतेचे सातातले दोन भाग ढकलण्यात जातात, तापवायला पाचच भाग उरतात.

आणि इथेच सगळ्यात जास्त होणारी चूक सापडते. दाब स्थिर आहे म्हणून बरेच जण `ΔU = nCpΔT` लिहून मोकळे होतात. तसं केलं तर `ΔU` १०० ज्यूल येतो आणि २८.६ ज्यूल कार्य फुकटात झालं असा अर्थ निघतो! `ΔU` साठी नेहमी `nCvΔT`, प्रक्रिया कोणतीही असो. `Cv` च्या नावात 'स्थिर आकारमान' आहे म्हणून ते फक्त आयसोकोरिकलाच लागतं असं वाटतं, पण अंतर्गत ऊर्जा वाटेकडे बघतच नाही, फक्त सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान बघते. `nCpΔT` मिळतं ते `Q`.

उष्णता दिली, पण तापमान ढिम्म: आयसोथर्मल

नळकांडं २७ अंशांच्या पाण्याच्या मोठ्या टबात ठेवा. दट्ट्यावर बाहेरून लावलेला जोर अगदी सावकाश कमी करत जा. हवा पसरते, पसरताना जराशी थंड व्हायला बघते, पण थंड झाली रे झाली की पाण्यातून उष्णता आत येते. तापमान ३०० वरच राहतं.

तापमान बदललं नाही म्हणजे `ΔU = 0`. मग `Q = W`. आत आलेला प्रत्येक ज्यूल कार्य बनून बाहेर गेला. 'तापमान वाढलं नाही, म्हणजे उष्णता दिलीच नाही' हा समज इथे मोडून पडतो.

कार्य काढताना मात्र `PΔV` चालत नाही, कारण पसरताना दाब सतत कमी होत असतो. इथे लागतं:

```
W = nRT ln(V2/V1)
```

आपल्या हवेसाठी `nRT` म्हणजेच `PV`, तो आहे १०० ज्यूल. म्हणजे १०० ज्यूल कार्य होण्यासाठी `ln` ची किंमत १ हवी आणि आकारमान २.७१८ पट व्हायला हवं. गणितातला तो प्रसिद्ध `e` इथे अचानक भेटतो! दाब उतरून ३६.८ किलोपास्कल होतो. कोणी सुरुवातीचाच दाब धरून गुणाकार केला असता तर उत्तर १७२ ज्यूल आलं असतं, म्हणजे आत आलेल्यापेक्षा जास्त. असं दिसलं की समजायचं, कुठेतरी गफलत आहे.

उष्णतेला दारबंदी: अ‍ॅडियाबॅटिक

आता नळकांड्याभोवती उष्णतारोधक आवरण गुंडाळा. `Q = 0`. उष्णता देता येत नाही, म्हणून १०० ज्यूल कार्याच्या रूपात देऊ, म्हणजे दट्ट्या आत दाबू. वायूवर कार्य झालं, त्यामुळे `W = −100` आणि `ΔU = +100`. तापमान किती वाढलं? तेच १२० केल्व्हिन. पुन्हा ४२०!

आयसोकोरिकमध्ये ४२० केल्व्हिन उष्णता देऊन आले, इथे आगीचा संबंधच नाही, नुसतं दाबून आले. अंतर्गत ऊर्जेला विचाराल तर तिला दोन्हीतला फरक सांगता येणार नाही. पण बाकीची अवस्था वेगळी आहे. `TV^(γ−1)` स्थिर राहतं (हवेसाठी γ = १.४), त्यावरून आकारमान ०.४३ लिटर आणि दाब जवळपास ३२५ किलोपास्कल येतो. जाता जाता एक गंमत: हे १०० ज्यूल सगळे तुमच्या हाताचे नाहीत. बाहेरची हवाही दट्ट्याला आत ढकलतेच, तिचा वाटा साधारण ५७ ज्यूल आहे.

मग खऱ्या आयुष्यात कोणती प्रक्रिया ते कसं ओळखायचं?

सायकलचा पंप घ्या, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि आतल्या हवेचं आकारमान निम्मं होईपर्यंत दाबा. अगदी सावकाश दाबलं तर उष्णता पंपाच्या भिंतीतून निघून जाते, प्रक्रिया आयसोथर्मल आणि दाब दुप्पट, २०० किलोपास्कल. झटक्यात दाबलं तर उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तेव्हा हिशोब सांगतो २६४ किलोपास्कल आणि १२३ अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात पंप अरुंद असतो, हवा भिंतींना पटकन उष्णता देते, त्यामुळे आकडा या दोघांच्या मधे कुठेतरी पडतो. १२३ अंशांची अपेक्षा ठेवू नका. पण झटक्यात दाबून दट्ट्या तसाच धरून ठेवला तर काही क्षणांत जोर थोडा कमी लागतो. आतली हवा थंड होऊन दाब २०० कडे उतरतोय, हे हाताला कळतं.

म्हणजे प्रश्न 'आवरण आहे का' एवढाच नाही, 'वेळ मिळतो का' हाही आहे. हे ओळखण्यात न्यूटनसुद्धा चुकला होता. आवाजाच्या लाटेत हवा दाबली जाते आणि सैल होते. न्यूटनने ही प्रक्रिया आयसोथर्मल धरल्यासारखा हिशोब केला. त्याचं सूत्र ० अंश सेल्सिअसच्या हवेला लावलं तर वेग सेकंदाला सुमारे २८० मीटर येतो, पण खरा वेग आहे सुमारे ३३१. पुढे लाप्लासने दुरुस्ती केली. फोनच्या स्पीकरमधून ५०० हर्ट्झचा आवाज येतो तेव्हा हवेचा एक थर दाबलेल्या अवस्थेतून सैल अवस्थेत सेकंदाच्या हजाराव्या भागात जातो, आणि तापलेला व थंडावलेला भाग एकमेकांपासून सुमारे ३४ सेंटीमीटर लांब असतात. एवढ्या वेळात एवढं अंतर उष्णता कापूच शकत नाही. म्हणजे प्रक्रिया अ‍ॅडियाबॅटिक. न्यूटनच्या उत्तराला १.४ च्या वर्गमुळाने गुणा, ३३१ येतं.

एक फसवा प्रश्न

आवरण गुंडाळलेल्या डब्याचे दोन समान कप्पे आहेत, एकात हवा, दुसऱ्यात निर्वात पोकळी. मधला पडदा फोडला. शेवटी तापमान किती?

आवरण दिसलं की हात आपोआप `TV^(γ−1)` कडे जातो आणि उत्तर येतं २२७ केल्व्हिन. चूक. पोकळीत पसरताना हवेने कोणालाच ढकललं नाही, म्हणून `W = 0`. उष्णताही नाही, `Q = 0`. मग `ΔU = 0`, आणि तापमान ३०० च्या ३०० वरच. जूलने १८४५ मध्ये साधारण असाच प्रयोग केला, तेव्हा त्याला पाण्याच्या तापमानात फरक दिसला नव्हता. खऱ्या हवेत रेणूंमधल्या ओढीमुळे किंचितसा फरक पडतो, आदर्श वायूत अजिबात नाही.

`TV^(γ−1)` हे सूत्र सावकाश, प्रत्येक क्षणी दट्ट्याला ढकलत झालेल्या अ‍ॅडियाबॅटिक प्रक्रियेचं आहे. पडदा फुटल्यावर हवा सैरावैरा धावते, तेव्हा मधल्या क्षणांना एकच एक दाब किंवा तापमान नसतंच, त्यामुळे आलेखावर त्या वाटेची रेषाही काढता येत नाही. `ΔU = Q − W` मात्र तिथेही चालतं. म्हणून गणित सोडवताना आधी `Q` किती, `W` किती हे लिहा, आणि सूत्र नंतर शोधा.