प्री-कोरस आला कुठून? एका रकान्याची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी साठच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांचा एक तक्ता केला होता. त्यात 'प्री-कोरस' असा रकाना होता आणि कोरसच्या आधी काहीही वेगळं ऐकू आलं की मी तिथे बरोबरची खूण करायचे. मॅडमनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "तो भाग काढून टाकला तर गाण्याचं काय बिघडतं?" मला उत्तर देता आलं नाही. निम्म्या खुणा खोडाव्या लागल्या.

आधी थोडा इतिहास. जुन्या गाण्यांत एक कडवं चार तुकड्यांचं असायचं: विधान, त्याचीच पुनरुक्ती, मग थोडं दूर जाणं आणि शेवटी परत येणं. वॉल्टर एव्हरेट यांनी बीटल्सचा अभ्यास करताना या साच्याला नाव दिलं. जे समॅक यांनी २०११ मध्ये 'म्युझिक थिअरी ऑनलाइन'मधल्या लेखात पुढचा मुद्दा मांडला: हे कडवं लांबत गेलं, तसे त्याचे तुकडे स्वतंत्र झाले. पहिल्या दोघांचा व्हर्स झाला, 'दूर जाण्या'चा प्री-कोरस आणि 'परत येण्या'चा कोरस. म्हणजे प्री-कोरस बाहेरून आणून जोडलेला नाही, तो कडव्याच्या पोटातूनच निघाला.

बीटल्सचं १९६३चं 'आय वॉन्ट टू होल्ड युवर हँड' घ्या. कडवं १२ बारचं. चार बार विधान, चार बार पुनरुक्ती आणि उरलेल्या चारांतच दूर जाणं नि परत येणं, दोन्ही उरकलेलं. ताण आहे, पण ज्या ओळीत तो चढतो त्याच ओळीत सुटतो. मी इथेही खूण केली होती, ती चूक.

आता बॉब डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन', १९६५चं. गाणं सी मेजरमध्ये आहे, तेव्हा सी म्हणजे सा धरू. व्हर्सची प्रत्येक लांब ओळ सा, रे, ग, म, प अशा कॉर्डची शिडी चढते, 'प'वर थांबते आणि पुढची ओळ पुन्हा 'सा'वरून सुरू होते. कोरसही 'सा'वरूनच सुरू होतो. इथे मॅडमची कसोटी लावून बघा. मधला भाग कापला, तर व्हर्सचा शेवटचा 'प' सरळ कोरसच्या 'सा'ला जोडला जातो. स्वरसंगतीच्या नियमाने काहीच चुकत नाही! पण कानाला कोरस हा कोरस वाटतच नाही, व्हर्सची आणखी एक ओळ सुरू झाली असं वाटतं. कारण 'प'वरून 'सा'वर येणं आपण नुकतंच ऐकलेलं असतं, त्यात नवल उरलेलं नसतं.

मग मधला भाग करतो काय? तो 'सा'वरून सुरूच होत नाही. आधी म आणि प यांच्यात येरझाऱ्या घालतो. मग बेस म, ग, रे, सा असा दोनदा उतरतो. 'सा' लागतो खरा, पण उताराच्या तळाशी, आणि तिथे बसायला जागा मिळत नाही, लगेच पुन्हा वरून सुरुवात. मग रे, म आणि शेवटी लांबवलेला 'प'. शिडी चढून चढून जुनी झाली होती, म्हणून आधी खाली उतरवलं. आता तोच 'प' वेगळा ऐकू येतो. "ताण वाढवायचा म्हणजे सूर वर न्यायचे" हे पुस्तकी सूत्र इथे अर्धंच लागू पडतं.

दुसरी गोष्ट शब्दांची, आणि ती मला बरीच उशिरा दिसली. या भागाच्या शेवटच्या शब्दाचं यमक त्या भागात कुठेच जुळत नाही. ते जुळतं थेट कोरसच्या पहिल्या ओळीशी. चारही कडव्यांत शब्द वेगळा, पण यमक तेच. म्हणजे दार उघडं ठेवलंय आणि ते कोरस येऊन लावतो. हिंदी सिनेसंगीतात अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीला 'क्रॉस लाइन' म्हणतात, ती मुखड्याशी यमक जुळवून आपल्याला परत नेते. काम बरंचसं तेच, पण दोन्हींचा वंश एक आहे असं मात्र म्हणू नका. मी एका सेमिनारमध्ये म्हणून बसले होते आणि पुरावा विचारल्यावर गप्प झाले.

या कसोटीची मर्यादाही आहे. पुढच्या काळातल्या अनेक गाण्यांत एकच कॉर्डची साखळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरते. तिथे 'सा'पासून दूर जाणं शोधलंत तर रकाना रिकामाच राहील. तिथे ढोल थांबतो का, बेस गायब होतो का, ओळी आखूड होत जातात का, हे ऐकावं लागतं. म्हणून आता माझ्या तक्त्यात 'प्री-कोरस' हा रकाना नाही. त्याजागी तीन आहेत: कॉर्ड, यमक, वाद्यमेळ. आणि चौथा, कापून ऐकलं का?