डॅशबोर्डवरील इशारादर्शक दिवे (इंजिन, ऑइल आणि बॅटरी)

डॅशबोर्डवरील इशारादर्शक दिवे म्हणजे मोटारीच्या यंत्रणेत बिघाड झाल्यास चालकासमोरील फलकावर उजळणारी चिन्हे होत. इंजिनची बाह्याकृती, थेंब गळणारी तेलाची झारी आणि अधिक-उणे खुणा असलेली बॅटरी ही त्यांतील तीन चिन्हे सर्वाधिक परिचित आहेत. या तिन्हींचा अर्थ आणि तातडी वेगवेगळी असते. गाडी धावत असताना लाल झारी उजळल्यास इंजिन तत्काळ बंद करावे लागते. इंजिनचे पिवळे चिन्ह स्थिर असल्यास गाडी सावकाश कार्यशाळेपर्यंत नेता येते, मात्र ते लुकलुकत असल्यास थांबावे लागते. बॅटरीचे लाल चिन्ह दिसल्यावर गाडी काही काळ चालते, पण तो काळ मर्यादित असतो.

## चिन्हांचे प्रमाणीकरण

ही चिन्हे आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकात निश्चित केलेली आहेत. भारतात वाहनांवरील नियंत्रणे व निर्देशक यांच्या ओळखचिन्हांसाठी एआयएस-०७१ हे मानक आहे. चिन्हांत अक्षरे नसल्याने भाषा बदलली तरी अर्थ बदलत नाही. त्यामुळे चाकण येथे तयार होऊन परदेशी जाणाऱ्या मोटारीत आणि पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीत तेलाची झारी एकाच अर्थाने उजळते.

रंगांचा संकेतही सर्वत्र सारखा आहे. लाल रंग धोका किंवा गंभीर हानीची शक्यता दर्शवतो. पिवळा अथवा नारिंगी रंग बिघाडाची सूचना देतो. हिरवा व निळा रंग एखादी यंत्रणा चालू असल्याचे सांगतो.

## तिन्ही दिवे एकत्र दिसणे

मोबाइलवर पाठवल्या जाणाऱ्या डॅशबोर्डच्या छायाचित्रांत किंवा स्क्रीनशॉटमध्ये इंजिन, ऑइल आणि बॅटरी ही तिन्ही चिन्हे अनेकदा एकाच वेळी उजळलेली दिसतात. अशा चित्रात प्रथम इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा पाहावा लागतो. काटा शून्यावर असल्यास इंजिन बंद आहे आणि केवळ चावी चालू आहे, असा त्याचा अर्थ होतो.

इंजिन फिरत नसताना ऑइल पंप फिरत नाही, म्हणून तेलाला दाब नसतो. अल्टरनेटर फिरत नाही, म्हणून बॅटरी चार्ज होत नाही. इंजिनचे चिन्ह तर दिवा शाबूत आहे हे दाखवण्यासाठीच चावी फिरवल्यावर उजळते. ही स्थिती सामान्य आहे. इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत तिन्ही दिवे विझले पाहिजेत. याउलट चावी फिरवूनही एखादा दिवा उजळत नसेल, तर तो दिवाच निकामी असण्याची शक्यता असते आणि पुढे खरा बिघाड झाल्यास इशारा मिळणार नाही.

चालती गाडी अचानक बंद पडली तरी हेच तीन दिवे उजळतात. अशा वेळी ते इंजिन बंद पडल्याचा परिणाम असतात, कारण नव्हे. ताथवडे, पुनावळे व वाकड परिसरात मुंबई–बंगळूर महामार्गाखालून जाणाऱ्या भुयारी मार्गांत जोरदार पावसात पाणी साचते. अशा पाण्यात गाडी बंद पडून दिवे उजळल्यास ते पाहून पुन्हा स्टार्टर मारणे घातक ठरते. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरले असेल, तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चावी बंद करून गाडी ढकलत बाहेर काढणे हाच अशा वेळी योग्य उपाय असतो.

## ऑइलचा दिवा

लाल झारी तेलाची पातळी नव्हे, तर तेलाचा दाब दर्शवते. इंजिनमधील क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांचा धातू प्रत्यक्ष एकमेकांना टेकत नाही. पंपाने दाबाखाली पोहोचवलेल्या तेलाचा पातळ थर दोहोंना अलग ठेवतो. दाब नाहीसा झाला की हा थर तुटतो. मिनिटाला ३,००० फेऱ्या घेणारे इंजिन सेकंदाला ५० वेळा फिरते. त्यामुळे कोरडी पडलेली बेअरिंग थोड्याच वेळात तापून ओरखडतात व अखेरीस इंजिन जाम होते.

हा इशारा उशिरा येतो, हेही लक्षात घ्यावे लागते. दाब मोजणारा स्विच बहुतेक गाड्यांत सुमारे ०.३ ते ०.५ बार या पातळीखाली दिवा लावतो. गरम इंजिनचा मंद गतीवरील दाबही सामान्यतः याहून जास्त असतो व वेगात तो कित्येक पट होतो. म्हणून वेगात असताना दिवा लागणे म्हणजे दाब जवळजवळ संपल्याची खूण होय.

दिवा लागल्यास वेग कमी करीत गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करतात. त्यानंतर सपाट जागी पाच ते दहा मिनिटे थांबून डिपस्टिक काढून पुसतात, पुन्हा पूर्ण आत घालतात आणि तेल कोणत्या खुणेपर्यंत आहे ते पाहतात. तेल खालच्या खुणेखाली असेल, तर योग्य प्रतीचे तेल थोडे थोडे भरून पातळी वर आणतात. लहान मोटारींत दोन खुणांमधील अंतर साधारण एक लिटरचे असते. तेल भरल्यावर इंजिन सुरू करून काही सेकंदांत दिवा विझला आणि गाडीखाली गळती नसली, तरच गाडी पुढे नेता येते. पातळी योग्य असूनही दिवा लागत असेल, तर पंप, गाळणी, बेअरिंग किंवा स्विच यांपैकी कशात दोष आहे हे रस्त्यावर ठरवता येत नाही. अशी गाडी टो करून न्यावी लागते.

केवळ वळणावर, चढावर किंवा ब्रेक दाबताना क्षणभर दिवा लुकलुकणे हे तेल कमी असल्याचे प्रारंभिक लक्षण असते. तेल एका बाजूला सरकल्यामुळे पंपाच्या तोंडाशी हवा येते. काही कंपन्यांच्या गाड्यांत झारीचे पिवळे चिन्हही असते. ते पातळी कमी झाल्याचे सांगते आणि लाल चिन्हाइतके तातडीचे नसते.

## बॅटरीचा दिवा

या दिव्याचा संबंध बहुतेक वेळा बॅटरीपेक्षा तिला चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरशी असतो. इंजिन चालू असताना निरोगी यंत्रणेत सामान्यतः १३.५ ते १४.५ व्होल्ट दाब आढळतो. बेल्ट तुटल्याने, तो घसरल्याने किंवा अल्टरनेटर निकामी झाल्याने हा पुरवठा थांबला की गाडी बॅटरीत साठवलेल्या विजेवर चालू राहते.

हा काळ अंदाजे मोजता येतो. समजा, पावसाळी रात्री ताथवडे येथून लोणावळ्याकडे निघालेल्या गाडीत हा दिवा लागला. बॅटरी ४५ अँपिअर-तास क्षमतेची आहे. ५५ वॅटचे दोन हेडलाइट सुमारे ९ अँपिअर घेतात. इंधन पंप, इग्निशन व संगणक मिळून साधारण १० अँपिअर आणि वायपर, मागील दिवे इत्यादी आणखी ६ अँपिअर धरल्यास एकूण खर्च २५ अँपिअर होतो. कागदावर हा हिशेब पावणेदोन तासांहून थोडा अधिक येतो. प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिकामी होण्याच्या बऱ्याच आधी इंजिन बंद पडते. शिवाय जुन्या बॅटरीत नोंदवलेली क्षमता उरलेली नसते. त्यामुळे अर्धा ते एक तास हाच विश्वासार्ह अंदाज ठरतो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा द्रुतगती मार्ग व पुढे घाट, त्यातच अंधार व पाऊस, असा प्रवास या हिशेबात बसत नाही. चार-पाच किलोमीटरवरील कार्यशाळा मात्र गाठता येते.

अशा वेळी वातानुकूलन, पंखा, संगीत व मोबाइल चार्जर बंद करतात, मात्र रात्री हेडलाइट बंद करता येत नाहीत. वाटेत इंजिन बंद करू नये, कारण ते पुन्हा सुरू होण्याइतकी वीज उरलेली नसण्याची शक्यता असते. दिवे मंदावणे, स्टिअरिंग जड होणे आणि इतर इशारे एकामागून एक उजळणे ही वीज संपत आल्याची लक्षणे होत. ती दिसताच गाडी सुरक्षित जागी घ्यावी लागते.

बॅटरीच्या दिव्यासोबत तापमानाचा काटा वर चढत असल्यास मात्र तत्काळ थांबणे आवश्यक असते. अनेक गाड्यांत अल्टरनेटर व पाण्याचा पंप एकाच बेल्टवर चालतात. तो तुटला की इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरणेही थांबते.

## इंजिनचा दिवा

इंजिनचे पिवळे चिन्ह उत्सर्जनाशी संबंधित बिघाड नोंदवते. इंजिनचा संगणक सेन्सरांकडून माहिती घेतो आणि दोष आढळल्यास त्याचा संकेतांक साठवून दिवा लावतो. कार्यशाळेत स्कॅनर जोडल्यावर हा संकेतांक वाचता येतो. उदाहरणार्थ, P0300 हा संकेतांक एकाहून अधिक सिलिंडरांत इंधन नीट पेटत नसल्याचे सांगतो.

दिवा स्थिर असून गाडीची ओढ, आवाज व तापमान नेहमीसारखे असल्यास तत्काळ थांबण्याची गरज नसते, परंतु तपासणी लांबवू नये. पेट्रोल गाडीत दिवा लुकलुकत असेल व इंजिन थरथरत असेल, तर न पेटलेले इंधन धुराड्याच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते. त्यामुळे कन्व्हर्टर अतितप्त होऊन वितळू शकतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबतात.

## सारांश

| इंजिन चालू असताना दिसणारा दिवा | अर्थ | कृती |
|---|---|---|
| लाल ऑइल | तेलाचा दाब नाही | लगेच थांबून इंजिन बंद |
| लाल बॅटरी, तापमान वाढते | बेल्ट तुटण्याची शक्यता | लगेच थांबून इंजिन बंद |
| लुकलुकणारे इंजिन | इंधन नीट पेटत नाही | वेग कमी करून लवकर थांबणे |
| लाल बॅटरी, तापमान सामान्य | चार्जिंग बंद | जवळची कार्यशाळा, इंजिन बंद न करता |
| स्थिर पिवळे इंजिन | बिघाडाची नोंद | सावकाश चालवून तपासणी |

महामार्गावर थांबताना धोक्याचे चारही दिवे लावून गाडी डाव्या कडेला घेतात, मागे परावर्तक त्रिकोण ठेवतात आणि प्रवाशांना कठड्यापलीकडे उभे करतात. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ व सर्वसाधारण आपत्कालीन सेवेसाठी ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत.