परदेशी कंपनीचं काम: सेलूतून करायचं की तिकडे जायचं?

जर्मनीतल्या सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर आली की घरात पहिला प्रश्न येतो, "पगार किती?" मला विचाराल तर आकडा नंतर बघा. आधी तीन गोष्टी बघा: कागदावर तुम्ही नोकर आहात की कंत्राटदार, आर्थिक वर्षात भारतात किती दिवस राहणार, आणि पुढची बढती कोण देणार. एकाच आकड्यातून हातात किती उरेल, हे यातल्या पहिल्या दोन गोष्टींवर ठरतं.

उदाहरण सेलूचंच घेऊ. मुलगा घरी बसून काम करणार आहे आणि कंपनी महिन्याला २ लाख रुपयांइतके युरो देणार आहे, म्हणजे वर्षाला २४ लाख. त्याला दुसरं उत्पन्न नाही.

सेलूतून काम: नोकर की कंत्राटदार?

कंपनी परदेशातली असली तरी काम सेलूत बसून होतं, म्हणून कर भारतात लागतो. तो किती लागेल, हे करारावर ठरतं.

समजा करार नोकरीचा आहे. बऱ्याचदा अशी नोकरी भारतातल्या एखाद्या मध्यस्थ कंपनीच्या पगारपत्रकावर दाखवतात. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत २४ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाते आणि उरलेल्या २३.२५ लाखांवर उपकरासह २,९२,५०० रुपये कर बसतो. त्या बदल्यात भरपगारी रजा, नोटीस पिरियड आणि बहुतेक ठिकाणी पीएफ मिळतो.

आता समजा करार कंत्राटदाराचा आहे. हे व्यावसायिक उत्पन्न. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम 44ADA नुसार माहिती तंत्रज्ञानासह काही ठरावीक व्यवसायांतल्या लोकांना एकूण जमेच्या किमान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. मग खर्चाच्या पावत्या आणि हिशोबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. मर्यादा ५० लाखांची आहे. रोखीनं आलेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत असेल तर ती ७५ लाख होते. आपल्या उदाहरणात २४ लाखांचे निम्मे १२ लाख होतात, आणि नव्या करप्रणालीत निवासी माणसाला १२ लाखांपर्यंत सूट असल्यामुळे कर शून्य. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा जुना क्रमांक शोधत बसू नका.)

म्हणजे त्याच २४ लाखांवर जवळपास तीन लाखांचा फरक. पण तो फुकट मिळत नाही. रजा घेतली तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, पीएफ नाही, आणि करारात लिहिलं असेल तर १५ दिवसांच्या नोटिशीवर काम बंद होतं.

शिवाय जीएसटी आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते, आणि निर्यातही त्या उलाढालीत धरतात. निर्यातीवर कर शून्य असला तरी तो आधी भरून परत मागायचा नसेल, तर जीएसटी पोर्टलवर RFD-11 हा फॉर्म भरून हमीपत्र द्यायचं, तेही दर आर्थिक वर्षी नव्यानं. बँकेकडून प्रत्येक जमेचा परकीय चलन आल्याचा दाखला मागून ठेवा. निर्यात केल्याचा पुरावा तोच.

कागदावर "कंत्राटदार" लिहिलं म्हणून काम संपत नाही. ठरलेल्या वेळेत हजेरी, रजेसाठी परवानगी, कंपनीचाच लॅपटॉप, दुसरं काम घ्यायला बंदी, आणि दरमहा तोच आकडा: हे सगळं एकत्र असेल तर ती प्रत्यक्षात नोकरी आहे, असं आयकर अधिकारी म्हणू शकतो. तसं ठरलं तर 44ADA चा फायदा जातो. म्हणून इनव्हॉइस तुम्ही स्वतः काढा, त्यावर कामाचं वर्णन लिहा, आणि दुसरं काम घेण्याची मोकळीक करारात असू द्या.

तिकडे जायचं असेल तर तारीख बघा

सहा महिने सेलूतून काम केलं आणि मग कंपनी म्हणाली, "आता इकडेच या." अशा वेळी विमानाच्या तिकिटावरची तारीखही कर ठरवते.

नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिला, तर तो त्या वर्षी निवासी. जाण्याचा दिवस धरला तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात आणि २९ ला १८२. मार्चमध्ये लग्नाला म्हणून आठ दिवस घरी आलात तर तेही यात मिळवायचे.

२८ ला गेला आणि परत आला नाही, तर तो अनिवासी. जर्मनीतल्या पगारावर भारतात कर नाही. पण 44ADA आणि १२ लाखांपर्यंतची सूट, दोन्ही फक्त निवासी माणसाला आहेत. म्हणजे सेलूत कमावलेल्या १२ लाखांतून फक्त प्रत्यक्ष खर्च वजा होईल. खर्च काहीच दाखवता आला नाही तर ६२,४०० रुपये कर.

२९ ला किंवा नंतर गेला तर निवासी. सेलूच्या कमाईला 44ADA लागू होतं, पण मार्चपर्यंतचा जर्मन पगारही भारतातल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते. त्यासाठी तिथल्या कराचा पुरावा जपून ठेवा. कोणती तारीख स्वस्त पडेल हे तिकीट काढायच्या आधी सीएकडून मांडून घ्या. नंतर ती बदलता येत नाही.

हातात काय, पुढे काय

जर्मनीच्या ब्लू कार्ड व्हिसासाठी २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो ही सर्वसाधारण पगारमर्यादा होती. आयटीसारख्या, माणसं कमी असलेल्या क्षेत्रांत ती आणखी कमी आहे. ४८,३०० म्हणजे महिन्याला ४,०२५ युरो. कर आणि सामाजिक विमा कापून अविवाहित माणसाच्या हातात साधारण २,६०० येतात, आणि त्यातून तिथलं घरभाडं जातं. शिल्लक बघितली तर सेलूतले २ लाख अनेकदा पुढे असतात.

मग जायचं कशाला? बढतीसाठी. कंत्राटदाराला ग्रेड नसते, त्यामुळे बढतीच्या यादीत त्याचं नाव येत नाही. त्याचा दर वाढतो, तोही मागितला तर. तिकडे गेलेल्याला पाच दिवसांच्या आठवड्यात किमान २० दिवस भरपगारी रजा कायद्यानं मिळते. ब्लू कार्डवर २७ महिने काम झालं की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, आणि जर्मन बी१ पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांतच. त्यानंतर नोकरी गेली तरी त्यापायी वास्तव्याचा हक्क जात नाही.

माझं मत असं: अनुभव दोन वर्षांपेक्षा कमी असेल आणि तुमचा कोड रोज तपासणारा सीनियर सेलूतून मिळत नसेल, तर करात वाचलेले तीन लाख महाग पडतात. अनुभव असेल, आणि करारात ६० दिवसांची नोटीस व दरवर्षी दर तपासायची अट लिहून मिळत असेल, तर सेलूत राहणं चांगलं. या दोन अटी सहीच्या आधी ईमेलवर मागा आणि करारात लिहून घ्या. फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका.